एकाच वेळी अनेक पैजा : कुठे किती लावायचे?

फायद्याची पैज सापडली म्हणून माणूस श्रीमंत होतोच असे नाही. तिच्यावर तो किती लावतो, यावर बरेच ठरते. समजा, जिंकण्याची शक्यता ६० टक्के आहे आणि जिंकल्यास लावले तेवढेच वर मिळतात. दर वेळी सगळे भांडवल लावणारा कधी ना कधी एकदा हरतो, आणि तिथेच त्याचा खेळ संपतो. दर वेळी एक रुपया लावणारा बुडत नाही, पण त्याचे भांडवल गोगलगायीच्या गतीने वाढते. या दोन टोकांच्या मधला नेमका हिस्सा कोणता, हे अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमधले शास्त्रज्ञ जॉन केली यांनी १९५६ साली एका शोधनिबंधात दाखवले. निबंध मुळात दूरसंचाराचा होता. तारेवरून आगाऊ, पण अधूनमधून चुकीची खबर मिळणारा एक जुगारी त्यात उदाहरण म्हणून आला होता.

केलींचा निकष साधा आहे. पैजांचा निकाल भांडवलात भर घालण्यापेक्षा भांडवलाला गुणत जातो, म्हणून सरासरी नफ्याऐवजी भांडवलाच्या लॉगरिदमची सरासरी सर्वांत मोठी करायची. असे केले की दीर्घ काळात चक्रवाढीचा वेग सर्वाधिक होतो. वरच्या पैजेत हा हिस्सा २० टक्के येतो. जिंकलात तर १,००० रुपयांचे १,२०० होतात, हरलात तर ८००. दर डावाला सरासरी चक्रवाढ सुमारे २ टक्के पडते. त्याच पैजेवर दुप्पट, म्हणजे ४० टक्के लावले तर? जिंकण्याची शक्यता तीच, भाव तोच, तरीही भांडवल दर डावाला सरासरी पाव टक्क्याच्या आसपास घटत जाते. फायद्याच्या पैजेवर जास्त लावून तोट्यात जाता येते, आणि पुढची सगळी गुंतागुंत याच एका गोष्टीतून निघते.

हे सूत्र एका वेळी एका पैजेसाठी आहे. पैजा एकामागून एक आल्या, तर पहिलीचा निकाल लागल्यावर उरलेल्या भांडवलावर दुसरीचा हिस्सा काढता येतो. व्यवहारात मात्र शनिवारी दुपारी दहा सामने एकदम सुरू होतात. दहाही पैजांचे पैसे आधीच गुंतलेले असतात आणि मधे हिशेब बदलायला वेळ नसतो. अशा वेळी पैजा सुट्या सुट्या मोजणे सोडून अंतिम स्थिती मोजाव्या लागतात. सगळे निकाल लागल्यावर जग किती वेगवेगळ्या स्थितींत असू शकते, प्रत्येक स्थितीची शक्यता किती, आणि त्या स्थितीत आपल्या हाती एकूण किती उरेल, याची यादी करायची. प्रत्येक उरलेल्या रकमेचा लॉगरिदम त्या स्थितीच्या शक्यतेने गुणायचा, साऱ्यांची बेरीज करायची, आणि ती बेरीज सर्वांत मोठी होईपर्यंत पैजांच्या रकमा बदलत जायच्या. एक्सेलमधले सॉल्व्हर हे काम क्षणात करते. अवघड भाग यादीतल्या शक्यता ठरवण्याचा असतो.

आधी एकमेकींशी काडीचाही संबंध नसलेल्या दोन पैजा घेऊ. दोन्ही वरच्यासारख्याच, ६० टक्के शक्यतेच्या, बरोबरीच्या भावाच्या. अंतिम स्थिती तीनच. दोन्ही जिंकण्याची शक्यता ३६ टक्के, एक जिंकून एक हरण्याची ४८ टक्के, दोन्ही हरण्याची १६ टक्के. एक जिंकली आणि एक हरली तर भांडवल जिथल्या तिथे राहते. हिशेब केला की प्रत्येक पैजेवर १९.२ टक्के लावावेत असे निघते. सुट्या पैजेचे २० टक्के आणि हे १९.२ यांत फरक नगण्य आहे. चक्रवाढ मात्र दर फेरीला २ वरून ४ टक्क्यांवर जाते. स्वतंत्र पैजा जितक्या जास्त मिळतील तितके चांगले, हे व्यावसायिकांचे मत इथून आले आहे, आणि इथपर्यंत ते बरोबरही आहे.

खरा घोळ पैजा एकमेकींत गुंतलेल्या असतात तेव्हा होतो. ब्रिटनमध्ये फुटबॉलवर पैज लावणे कायदेशीर आहे आणि एकाच सामन्यावर बुकी डझनावारी पैजा घेतात. समजा, एखाद्याच्या अंदाजाने यजमान संघ जिंकण्याची शक्यता ६० टक्के आहे, आणि यजमान संघच पहिला गोल करील याचीही ६० टक्के. दोन्हींवर बुकी बरोबरीचा भाव देतो आहे. कागदावर या दोन पैजा दिसतात, पण पहिला गोल करणारा संघ बऱ्याचदा सामनाही जिंकतो. तेव्हा दोन्ही गोष्टी एकत्र घडण्याची शक्यता ३६ टक्के धरून चालणार नाही. ती ४८ टक्के आहे असे मानू. मग फक्त पहिला गोल १२ टक्के, फक्त विजय १२ टक्के, आणि दोन्ही नाही २८ टक्के. प्रत्येक पैज सुटी पाहिली तर ६० टक्केच आहे, त्यात काहीच बदललेले नाही. बदलले आहे ते दोन्ही एकदम हरण्याचे प्रमाण, जे १६ वरून २८ वर गेले. संख्याशास्त्राच्या भाषेत इथे सहसंबंध ०.५ आहे.

या चार स्थिती मांडून हिशेब केला की प्रत्येक पैजेवर १३.२ टक्के लावणे योग्य ठरते. दोन्ही मिळून २६ टक्क्यांच्या थोडे वर. चक्रवाढ फेरीला २.७ टक्के, म्हणजे एका पैजेपेक्षा बरी, पण दोन स्वतंत्र पैजांच्या ४ टक्क्यांपासून बरीच लांब. आता सहसंबंधाकडे काणाडोळा करून दोन्हींवर २० टक्के लावणाऱ्याचे काय होते ते पाहावे. त्याची चक्रवाढ १.९ टक्क्यांच्याही खाली येते. म्हणजे दुसरी पैज त्याने लावलीच नसती, तर तो अधिक वेगाने वाढला असता. दुसरी पैज फायद्याची होती, अंदाजही अचूक होता, तरी ती घेतल्याने तो मागे पडला. दोन्ही पैजा पूर्णपणे एकच असत्या, फक्त नावे वेगळी, तर २० आणि २० मिळून एकाच पैजेवर ४० टक्के झाले असते, आणि सुरुवातीला पाहिलेला पाव टक्क्याचा क्षय सुरू झाला असता. तशा वेळी योग्य हिस्सा प्रत्येकी १० टक्के असतो.

सहसंबंधाचे प्रमाण बदलले की किती लावायचे तेही बदलते. पण किती चालेल याला पैजांच्या संख्येने फारशी सवलत मिळत नाही, आणि हे ब्लॅकजॅकच्या टेबलावर सर्वांत स्वच्छ दिसते. एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाने पत्त्यांच्या मोजणीने ब्लॅकजॅकमध्ये खेळाडूला कधी कधी कॅसिनोवर थोडी मात करता येते हे दाखवले. त्याचे ‘बीट द डीलर’ हे पुस्तक १९६२ साली आले. केलींचा निबंध त्याला वाचायला सांगितला होता क्लॉड शॅनन यांनी, तेव्हा दोघेही एमआयटीत होते. पणजीजवळ मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनो-जहाजांपासून लास वेगासपर्यंत या टेबलाची रचना एकच असते. प्रत्येक खेळाडू डीलरविरुद्ध खेळतो, आणि एका खेळाडूला दोन किंवा अधिक जागांवरही पैसे लावता येतात. त्या दोन जागांचे पत्ते वेगळे, पण डीलर एकच. डीलरला वीस मिळाले की दोन्ही जागा बहुधा हरतात, आणि डीलर एकवीसच्या वर गेला की दोन्ही बहुधा जिंकतात. सहसंबंध इथे टेबलाच्या रचनेतच आहे.

जिंकण्याचे प्रमाण थोडेसेच असते आणि लावायची रक्कम भांडवलाच्या मानाने लहान असते, तेव्हा केलींचा हिशेब एका सोप्या भागाकारावर येतो. सरासरी नफा भागिले विचरण. विचरण म्हणजे निकाल सरासरीपासून किती पसरतो त्याचे माप. ब्लॅकजॅकच्या एका हाताचे विचरण सुमारे १.३३ धरतात. ते १ पेक्षा जास्त असते, कारण मधे पैसे दुप्पट करता येतात, जोडी फोडता येते आणि ब्लॅकजॅक आला की दीडपट मिळतात. एकाच डीलरसमोरच्या दोन हातांचे सहविचरण, म्हणजे ते किती एकत्र हलतात त्याचे माप, सुमारे ०.५० असते. अनेक हात खेळताना भाजकात विचरणाच्या जोडीला बाकीच्या प्रत्येक हातामागे हे ०.५० मिळवायचे.

आकडे घालून पाहू. भांडवल १० लाख रुपये आहे आणि मोजणीनुसार या क्षणी खेळाडूच्या बाजूने १ टक्का फायदा आहे. एकच हात खेळायचा तर ०.०१ भागिले १.३३, म्हणजे भांडवलाच्या पाऊण टक्का, ७,५०० रुपये. दोन हात खेळायचे तर भाजक १.८३ होतो, आणि प्रत्येक हातावर साधारण ५,५०० रुपये येतात. दोन्ही मिळून ११,००० च्या जवळपास, एका हाताच्या सुमारे १.४५ पट. जुने खेळाडू म्हणतात की दोन हात घेतले तर प्रत्येकावर नेहमीच्या तीनचतुर्थांश ठेवा, ते याच आकड्यावरून. तीन हातांवर प्रत्येकी ४,३०० रुपये येतात. सात हातांनी सगळे टेबल अडवले तर प्रत्येकी २,३००, एकूण १६,००० च्या थोडे वर. हात कितीही वाढवले, कल्पनेत शंभर केले, तरी एकूण रक्कम २०,००० च्या पुढे जात नाही, कारण मोठ्या संख्येला भाजकातले विचरण नगण्य होते आणि सहविचरणच उरते. वेगवेगळ्या पत्त्यांची जोखीम हात वाढवून पातळ करता येते, डीलरची सामाईक जोखीम करता येत नाही.

चक्रवाढीचा वेगही याच प्रमाणात वाढतो, दोन हातांना फेरीमागे १.४५ पट. तरीही खेळाडू टेबलावर एकटाच असेल तर दोन हात खेळण्यात काही मिळत नाही. एका हाताला सरासरी २.७ पत्ते लागतात असे धरतात. एकटा खेळाडू आणि डीलर मिळून एका फेरीत ५.४ पत्ते संपतात, दोन हात घेतले तर ८.१, म्हणजे दीडपट. कॅट अनुकूल असताना उरलेले पत्ते मोजकेच असतात, आणि दीडपट पत्ते खर्चून १.४५ पट वाढ मिळवणे हा आतबट्ट्याचा व्यवहार झाला. टेबलावर आणखी तीन जण बसले असतील तर गणित उलटते. तेव्हा आपण दुसरा हात घेतल्याने फेरीचे पत्ते १३.५ वरून १६.२ होतात, फक्त १.२ पट, आणि दुसरा हात परवडतो. सहसंबंधाचा हिशेब अचूक केला तरी फेरीत काय खर्च होते हे पाहिल्याशिवाय उत्तर पुरे होत नाही.

आतापर्यंत पैजा एकत्र जिंकणाऱ्या आणि एकत्र हरणाऱ्या होत्या. उलट्या दिशेचा संबंध घोड्यांच्या शर्यतीत दिसतो, आणि केलींच्या मूळ निबंधातही शर्यतच होती. एका शर्यतीत एकच घोडा पहिला येतो, त्यामुळे दोन घोड्यांवरच्या पैजा एकमेकींच्या आड येतात. एक जिंकली की दुसरी हरलीच. समजा, तीन घोड्यांची शर्यत आहे. पहिल्याची जिंकण्याची खरी शक्यता ५० टक्के आणि रुपयाला २.४० रुपये परत मिळतात. दुसऱ्याची ३० टक्के, परतावा ३.२०. तिसऱ्याची २० टक्के, परतावा ३.६०. शक्यता आणि परतावा यांचा गुणाकार केला तर पहिल्यावरचा रुपया सरासरीने १.२० होतो, दुसऱ्यावरचा ०.९६ आणि तिसऱ्यावरचा ०.७२. म्हणजे पहिलाच घोडा फायद्याचा. दुसऱ्यावर रुपयाला चार पैसे तोटा आहे आणि तिसऱ्यावर अठ्ठावीस.

एकट्या पहिल्यावर लावायचे तर हिस्सा १४.३ टक्के येतो आणि चक्रवाढ शर्यतीमागे १.४ टक्के. तिन्ही अंतिम स्थिती एकत्र मांडल्या की वेगळेच निघते. पहिल्यावर १९.२ टक्के, दुसऱ्यावर ६.९ टक्के, तिसऱ्यावर काही नाही, आणि ७३.८ टक्के हातात. पहिला जिंकला तर १,००० चे १,२०० होतात, दुसरा जिंकला तर ९६०, तिसरा जिंकला तर ७३८. चक्रवाढ १.८ टक्क्यांवर जाते. तोट्याच्या पैजेवर पैसे लावून वाढ सुधारली, कारण पहिला हरतो तेव्हा ही पैज बऱ्याचदा कामी येते, आणि त्या आधारावर पहिल्यावर अधिक धाडसाने लावता येते. विम्याच्या हप्त्यात सरासरीने तोटाच असतो, तसा हा हप्ता.

कोणता घोडा आत घ्यायचा आणि कोणता नाही, याला ठरलेली रीत आहे. घोडे रुपयामागच्या सरासरी परताव्याच्या क्रमाने लावायचे. वरून एकेक घोडा घेत जायचे आणि प्रत्येक पायरीवर दोन संख्या काढायच्या. घेतलेल्या घोड्यांशिवाय दुसरा कोणी जिंकण्याची शक्यता ही एक. दुसरी काढताना घेतलेल्या घोड्यांच्या परताव्यांचे व्यस्त आकडे मिळवून ती बेरीज एकातून वजा करायची. पहिलीला दुसरीने भागले की हातात राखायचा हिस्सा मिळतो. पुढच्या घोड्याचा सरासरी परतावा या हिश्शापेक्षा जास्त असेल तर तो आत घ्यायचा, नाही तर थांबायचे. वरच्या शर्यतीत पहिल्या घोड्यानंतर हा आकडा ०.८५७ येतो. दुसऱ्याचा परतावा ०.९६ असल्याने तो आत येतो. मग आकडा ०.७३८ होतो आणि ०.७२ चा तिसरा घोडा थोडक्यात बाहेर राहतो. एकापेक्षा कमी परतावा असलेला घोडा बाद, हा सरसकट नियम अशा शर्यतीत चुकीचा ठरतो.

मुंबईच्या महालक्ष्मीवर किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर टोटवर लावायचे असेल तर आणखी एक अडचण आहे. टोटमध्ये सगळ्यांचे पैसे एका डब्यात जमतात, त्यातून ठरावीक कपात होते आणि उरलेले जिंकणाऱ्यांत वाटले जातात. त्यामुळे आपण लावलेली रक्कम आपलाच परतावा खाली ओढते. डबा लहान असेल तर वरचे ठरावीक भावाचे गणित जास्त रक्कम सुचवते, म्हणून प्रत्येक स्थितीतला परतावा आपल्या रकमेसह पुन्हा मोजावा लागतो.

या सगळ्या हिशेबात सर्वांत कच्चा दुवा असतो तो सहसंबंधाचा अंदाज. डीलर एक असल्यामुळे येणारा सहसंबंध हजारो डावांवरून मोजता येतो. एका सामन्यातले दोन निकाल जुन्या सामन्यांच्या नोंदींतून मोजता येतात, दोन्ही घडले, एकच घडले आणि एकही नाही असे चार खाने भरून. पण एक सहसंबंध कोणत्याच नोंदीत सापडत नाही, आणि तो म्हणजे अंदाज करणाऱ्याच्या चुकीचा. दहा वेगळ्या सामन्यांवर दहा पैजा लावल्या, सामने एकमेकांपासून शेकडो मैल दूर झाले, तरी दहाही अंदाज एकाच गणिती नमुन्यातून आले असतील, तर त्याची चूक दहाही ठिकाणी एकाच दिशेने जाते. समजा नमुना यजमान संघाला नेहमीच थोडे झुकते माप देतो आहे. मग दहा स्वतंत्र पैजा लावल्या असे वाटते आणि प्रत्यक्षात ‘माझा नमुना बरोबर आहे’ या एकाच पैजेवर दहापट लावलेले असतात. हाँगकाँगच्या शर्यतींवर संगणकी नमुन्याने खेळणाऱ्या विल्यम बेंटर यांनी १९९४ साली आपली पद्धत मांडली, तिच्यात नमुन्याची शक्यता आणि लोकांनी लावलेल्या पैशांतून दिसणारी शक्यता यांचा मेळ घातलेला आहे. लोकांचे मत आपल्या चुकीला आवर घालते. ही दुरुस्ती रक्कम ठरवण्याआधीच्या पायरीवर होते, आणि ती योग्य जागा आहे.

चूक होते आहे हे ओळखता येते. फेऱ्यांच्या नोंदी ठेवायच्या आणि दिवसाचा एकूण निकाल किती पसरतो ते पाहायचे. दहा पैजा खरेच स्वतंत्र असतील तर बहुतेक दिवशी पाच ते सात जिंकतील आणि दहाच्या दहा हरण्याचा दिवस जवळपास येणारच नाही. काही दिवस नऊ जिंकल्या, काही दिवस दोनच, असे वारंवार होत असेल तर पैजा आपण मानल्या त्यापेक्षा अधिक गुंतलेल्या आहेत. सरासरी बरोबर असतानाही हे घडू शकते, म्हणून नुसत्या जिंकण्याच्या टक्केवारीवर समाधान मानणाऱ्याला ते दिसत नाही.

सहसंबंधाची खात्री नसेल तर अनुभवी खेळाडू हिशेबाने आलेल्या रकमा निम्म्या करतात. हा भित्रेपणा नाही, त्यामागे आकडे आहेत. फुटबॉलच्या दोन पैजांवर सुट्या हिशेबाने आलेले २०-२० टक्के अर्धे करून १०-१० लावले, तर पैजा स्वतंत्र निघाल्यास चक्रवाढ ४ ऐवजी ३ टक्के मिळते, म्हणजे पाव भाग गेला. सहसंबंध ०.५ निघाला तर २.५ टक्के, सर्वोत्तम २.७ च्या अगदी जवळ. आणि दोन्ही पैजा पूर्णपणे एकच निघाल्या, तर १०-१० हेच नेमके उत्तर असते. उलट पूर्ण रकमा लावणारा या तीन शक्यतांत ४ टक्के वाढीपासून पाव टक्का घटीपर्यंत कुठेही फेकला जातो.

निकाल वेगवेगळ्या वेळी लागतात तेव्हा हाच हिशेब थोडा लांबतो. शनिवारी लावलेल्या तीन पैजांचा निकाल रविवारी रात्री लागणार असेल आणि रविवारी सकाळी चौथी समोर आली, तर तिच्यासाठी खिशात उरलेली रोकड हे भांडवल धरून भागत नाही, आणि गुंतलेली रक्कम परत येणारच असेही धरता येत नाही. अंतिम स्थितींची यादी चारही पैजांसह नव्याने करायची. पहिल्या तिन्हींच्या रकमा आता गोठलेल्या, फक्त चौथीची बदलता येते. चौथी आधीच्या पैजांबरोबर हरणारी असेल तर तिचा हिस्सा बराच कमी येतो, कधी शून्यही, आणि त्यांच्या उलट जाणारी असेल तर सुटेपणी निघाला असता त्याहून जास्त येतो.